मेंटेनन्स बिल आणि बँकेत भरलेली रक्कम जुळत नाही? या चुका टाळा

बिलाच्या तळाशी ठळक छापलेला 'एकूण देय' आकडा पाहायचा, तेवढे पैसे भरायचे किंवा तो पटला नाही म्हणून सेक्रेटरींशी वाद घालायचा. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. त्या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: चालू महिन्याची आकारणी, मागची मूळ थकबाकी आणि त्यावर चढलेलं व्याज. या तीन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय बिल बरोबर की चूक हे कळतच नाही.

बेळगावच्या टिळकवाडीतला 1,000 चौरस फुटांचा एक फ्लॅट उदाहरणाला घेऊ. देखभाल 1,700 रुपये. पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायचा सिंकिंग फंड चौरस फुटाला 30 पैसे, म्हणजे 300. महिन्याला एकूण 2,000. बिल 1 तारखेला निघतं आणि भरायची मुदत 15 तारखेपर्यंत असते. मुदत उलटली की राहिलेल्या मुद्दलावर वर्षाला 18 टक्के सरळ व्याज, म्हणजे महिन्याला दीड टक्का, पुढच्या बिलात लागतं. मालकाने एप्रिल आणि मे भरले नाहीत. 12 जूनला पत्नीच्या खात्यातून यूपीआयने 6,000 रुपये पाठवले आणि तीन महिन्यांचा हिशेब मिटला असं धरलं. जुलैचं बिल आलं 8,181 रुपये 81 पैशांचं!

यात सोसायटीच्या दोन चुका आहेत आणि मालकाची एक.

मालकाची चूक साधी आहे. मेच्या बिलात 30 रुपये व्याज लागलं होतं आणि जूनच्या बिलात नियमाने आणखी 60 लागायला हवं होतं. जूनअखेर देणं 6,000 नव्हे, 6,090 होतं. उपविधीत किंवा ठरावात वेगळं काही लिहिलं नसेल, तर आलेली रक्कम आधी व्याजाकडे आणि मग मुद्दलाकडे वळवण्याची सर्वसाधारण रीत आहे. म्हणजे 6,000 मधले 90 व्याजात गेले आणि मुद्दलाचे 90 बाकी राहिले. जुलैच्या बिलात त्यांवर 1 रुपया 35 पैसे व्याज येणं रास्तच. गोल आकडा भरायची सवय असलेल्यांच्या खात्यात अशी शेपटं महिनोन्‌महिने लोंबत राहतात.

आता सोसायटीच्या चुका. पहिली पैशांवरून पकडता येते. जूनच्या बिलात व्याज 60 हवं होतं, छापलं गेलं 60 रुपये 45 पैसे. संगणकाने 'अरिअर्स' या एकाच रकान्यात 4,000 मुद्दल आणि 30 व्याज एकत्र धरलं आणि 4,030 वर दीड टक्का लावला. हे व्याजावर व्याज झालं. एक्सेलमध्ये मागच्या महिन्याची अख्खी बाकी पुढे ओढली की हे आपोआप घडतं. 45 पैशांसाठी कोण भांडणार, असं वाटेल. पण थकबाकी वर्षभर राहिली तर ही रक्कम फुगत जाते, म्हणून छापलेल्या व्याजाला 0.015 ने भागून पाहा. 60.45 ला भागलं तर 4,030 येतात. हा आकडा तुमच्या मूळ थकबाकीपेक्षा जास्त निघाला, तर व्याज कशावर लागलं ते लगेच दिसतं.

दुसरी चूक मोठी आहे. 12 जूनचे 6,000 जमाच धरलेले नाहीत. पैसे सोसायटीच्या खात्यात पोचले आहेत, पण पासबुकात पत्नीचं नाव आलं, फ्लॅट नंबर आला नाही. खजिनदाराला ते कोणाचे कळेनात, म्हणून रक्कम 'सस्पेन्स'मध्ये पडून राहिली. मग जुलैच्या बिलात मागची बाकी 6,090.45 आणि त्यावर 91.36 व्याज लागलं. ॲपमध्ये लिहिलेली टीप समोरच्या बँकेच्या उताऱ्यात पूर्ण उमटेलच याचा भरवसा नसतो. म्हणून पैसे पाठवल्याच दिवशी फ्लॅट नंबर, महिना, रक्कम, खातेदाराचं नाव आणि संदर्भ क्रमांक खजिनदाराला लेखी कळवा. यूपीआयचा क्रमांक 12 अंकी असतो, एनईएफटीचा यूटीआर 16 अक्षरांचा. नुसता 'पैसे गेले' असा स्क्रीनशॉट पाठवला आणि त्यात हा क्रमांक कापला गेला, तर त्याचा फारसा उपयोग नाही. आधी स्वतःचा बँक उताराही तपासा: पैसे कापले जाऊन दोन दिवसांनी परत आले असतील, तर दोष सोसायटीचा नव्हे.

जुळवणीसाठी एका कागदावर मुद्दल आणि व्याज असे दोन रकाने पाडा. बरोबर हिशेब असा दिसतो:

| महिना | आकारणी | व्याज | भरणा | मुद्दल बाकी | व्याज बाकी |
|---|---|---|---|---|---|
| एप्रिल | 2,000 | 0 | 0 | 2,000 | 0 |
| मे | 2,000 | 30 | 0 | 4,000 | 30 |
| जून | 2,000 | 60 | 6,000 | 90 | 0 |
| जुलै | 2,000 | 1.35 | – | 2,090 | 1.35 |

म्हणजे जुलैचं खरं देणं 2,091.35. बिलातला फरक 6,090.46 चा. त्यातले 6,000 म्हणजे न नोंदलेला भरणा आणि 90.46 म्हणजे चुकीचं व्याज. फरकाची अशी फोड करून दिली की खजिनदारालाही नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळतं. 'बिल चुकलंय, बघा जरा' म्हणण्याने काहीच हलत नाही.

भरणा केला पण बिलात नाही, म्हणून दर वेळी घाबरू नका. 1 तारखेच्या बिलासाठी अनेक ठिकाणी 25 च्या आसपास नोंदी बंद होतात. 28 ला भरलेले पैसे त्या बिलात दिसणारच नाहीत, पुढच्या बिलात येतील. अशा वेळी भरलेली रक्कम वजा करून उरलेलं भरा, पुन्हा पूर्ण बिल भरू नका.

सिंकिंग फंडाबाबतची चूक वेगळीच. लिफ्ट दुरुस्त होत नाही म्हणून हे 300 कापून 1,700 भरणारे असतात. सोसायटीच्या खात्यात ती निव्वळ थकबाकी ठरते आणि उपविधीत तरतूद असेल तर व्याजही लागतं. बिल्डरने ताबा देताना एकदाच घेतलेला कॉर्पस फंड वेगळा आणि दरमहाचा सिंकिंग फंड वेगळा. पहिला दिला म्हणून दुसरा माफ होत नाही.

पुण्या-कोल्हापूरच्या नातेवाइकांकडून येणारे '21 टक्के व्याज', 'बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंड' हे मेसेज इथे पुरावा म्हणून दाखवू नका. ते आकडे महाराष्ट्राच्या आदर्श उपविधीतून आलेले आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी कर्नाटकात येतात. तुमची संघटना 1972 च्या कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहे, 1959 च्या सहकारी कायद्याखाली की 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली, हे आधी विचारा. मग तिच्या उपविधीत किंवा डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये व्याजाचा दर आणि मुदत पाहा. बिलावर 18 छापलं आणि उपविधीत 12 असेल, तर तुमचा आक्षेप तिथे टिकतो.

दुरुस्ती मागताना एक गोष्ट स्पष्ट लिहा: 6,000 ची नोंद 12 जून या तारखेने व्हावी. खजिनदाराने ते ऑगस्टमध्ये सापडले म्हणून ऑगस्टच्या तारखेने टाकले, तर मुद्दल जुळेल, पण 90.46 चं व्याज तसंच राहील. जुलैचे 2,091.35 तुम्ही 15 जुलैआधी भरलेत आणि नोंद जूनच्या तारखेने झाली, तर ऑगस्टच्या बिलात 'अरिअर्स' शून्य, व्याज शून्य आणि एकूण 2,000 दिसायला हवेत.