‘कधीकधी’ म्हणजे किती वेळा? वर्तनाविषयीच्या प्रश्नावलीत या चुका टाळा

आहाराच्या सर्वेक्षणात ‘तुम्ही बाहेरचे तयार पदार्थ किती वेळा खाता?’ असा प्रश्न विचारून त्याखाली ‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी’ असे पर्याय देण्याची पद्धत सर्रास दिसते. असे पर्याय उत्तरदात्याला सोपे वाटतात आणि त्यामुळे प्रश्नात काही दोष आहे, हे माहिती गोळा होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

समजा, वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी आठवड्यातून चार वेळा बाहेर खातो. त्याच्या खोलीतील इतर मुले रोज बाहेर जेवतात, म्हणून तो ‘कधीकधी’वर खूण करतो. दुसरीकडे, सगळे जेवण घरीच रांधणाऱ्या कुटुंबातील एक आजी महिन्यातून तीन वेळा बाहेरचे खातात आणि त्यांच्या मते हे फारच झाले, म्हणून त्या ‘बऱ्याचदा’ निवडतात. दोघांनीही प्रामाणिक उत्तर दिले आहे. मात्र पर्यायांना 1 ते 5 असे अंक देऊन सरासरी काढली की आजींना 4 आणि विद्यार्थ्याला 3 गुण मिळतात, म्हणजे प्रत्यक्षातला क्रमच उलटा होतो. अशा शब्दांमागे प्रत्येकाची स्वतःची तुलना दडलेली असते, आणि ती वय, घर व सोबतीप्रमाणे बदलते. त्यामुळे दोन वयोगटांची किंवा गाव आणि शहर यांची तुलना करायची असेल, तेव्हा ही चूक सर्वांत महाग पडते, कारण नमुना वाढवूनही ती कमी होत नाही.

हा दोष आपल्या प्रश्नावलीत आहे का, हे पूर्वचाचणीत तपासता येते. पंधरा-वीस जणांना शब्दांतील पर्याय निवडू द्यावेत आणि लगेच विचारावे, ‘मागच्या सात दिवसांत असे नेमके किती वेळा झाले?’ ‘बऱ्याचदा’ म्हणणाऱ्यांचे आकडे एकापासून दहापर्यंत पसरले असतील, तर तो पर्याय वर्तन मोजत नाही, हे मान्य करावे.

यावर उपाय म्हणून शब्द काढून आकड्यांचे गट घातले जातात आणि येथेच दुसरी चूक घडते. ‘1–3, 3–5, 5–7’ अशा गटांत तीन वेळा खाणाऱ्याने कोठे खूण करावी, हा घोटाळा निदान डोळ्यांना दिसतो. खरा धोका असा की, दिलेले गट पाहून उत्तरदाता ‘सर्वसाधारण माणूस’ कोठे बसत असेल, याचा अंदाज बांधतो आणि स्वतःला त्याच्या आसपास ठेवतो. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या जर्मनीतील अभ्यासात रोज किती वेळ टीव्ही पाहता, असे विचारले होते. काही जणांना ‘अर्ध्या तासापर्यंत’पासून सुरू होऊन ‘अडीच तासांपेक्षा जास्त’ येथे संपणारे गट दिले, तर इतरांना ‘अडीच तासांपर्यंत’पासून सुरू होऊन ‘साडेचार तासांपेक्षा जास्त’पर्यंत जाणारे. अडीच तासांहून अधिक टीव्ही पाहतो, असे पहिले पर्याय मिळालेल्यांपैकी 16.2 टक्के लोकांनी सांगितले, दुसरे पर्याय मिळालेल्यांपैकी 37.5 टक्के लोकांनी. प्रश्न एकच होता. बदलले होते ते केवळ पर्याय.

म्हणून शक्य तेथे गट न देता रिकामी जागा ठेवून आकडाच विचारावा आणि कालावधी प्रश्नातच बांधून द्यावा: ‘कालपर्यंतच्या सात दिवसांत, घरी न रांधलेले जेवण किंवा नाश्ता तुम्ही किती वेळा खाल्ला? एकदाही नसेल तर 0 लिहा.’ येथे ‘बाहेरचे’ याचा अर्थही स्पष्ट होतो, कारण घरी मागवलेले जेवण धरायचे की नाही, हा गोंधळ आकड्यालाही बिघडवतो. गट द्यावेच लागणार असतील, तर ते कल्पनेने न आखता पूर्वचाचणीत आलेल्या आकड्यांवरून आखावेत, शून्य वेगळे ठेवावे आणि पुढच्या वर्षीच्या फेरीत तेच गट कायम ठेवावेत. अन्यथा गटांमुळे आलेला फरक वर्तनातील बदल म्हणून वाचला जाईल.

आकड्यालाही मर्यादा आहेत. रोजची, अंगवळणी पडलेली कृती माणूस मोजून आठवत नाही. तो अंदाज सांगतो, आणि त्यामुळे 5, 10, 20 अशा गोल आकड्यांवर उत्तरांची गर्दी होते. अशा कृतीसाठी ‘काल’पुरते विचारणे अधिक विश्वसनीय ठरते, मात्र त्यासाठी आठवड्याच्या सर्व वारी मुलाखती विभागून घ्याव्या लागतात, नाहीतर रविवारचे बाहेरचे जेवण एकतर सुटते किंवा जास्त मोजले जाते.

माहिती शब्दांच्या पर्यायांतच गोळा झालेली असेल, तर ‘कधीकधी’चे रूपांतर मनाने ‘आठवड्यातून दोनदा’ असे करू नये. शक्य असल्यास काही उत्तरदात्यांना पुन्हा गाठून आकडा विचारावा. नसल्यास हे लोकांचे स्वतःच्या सवयीविषयीचे मत आहे, असे अहवालात स्पष्ट लिहावे. मतच जाणून घ्यायचे असेल, उदाहरणार्थ बाहेरचे खाणे आपल्याला जास्त होते असे वाटते का, तेव्हा हेच शब्द योग्य असतात, आणि आकड्याच्या प्रश्नाशेजारी तो प्रश्न वेगळा विचारावा.