पिनकोडवरून लोकेशन काढताय? मग तो ठिपका किती किलोमीटरचा आहे ते आधी बघा

मी जळगाव जिल्ह्यात एका ठिबकच्या वितरकाकडे डेटाचं काम करायचो. कॉलेज संपल्यावरची पहिलीच नोकरी. शेतकऱ्यांची यादी असायची, त्यात नाव, मोबाईल, पिनकोड एवढंच, गावाचं नाव कोणी लिहायचं कोणी नाही. काम असं की प्रत्येकाला जवळचं गोडाऊन लावून द्यायचं. गोडाऊनं दोन, एक चोपड्याला आणि एक धरणगावला, मधे तापी. मी पिनकोडचं लोकेशन काढलं, दोन्हीकडचं अंतर काढलं, कमी अंतराचं गोडाऊन लावलं, शीट पाठवून दिली. तिसऱ्या दिवशी गाडीवाल्या भाऊंचा फोन, "आरे भो, चोपड्याच्या शेतकऱ्याचा माल धरणगावहून का भरायला लावतो, तापी ओलांडून यावं लागतं ना मला."

शीट उघडली तर चोपड्याच्या 425107 चा ठिपका तापीच्या दक्षिणेला पडलेला. चोपडा तालुका सगळा नदीच्या उत्तरेला आहे हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं, पण मी नकाशावर टाकून बघितलंच नव्हतं, नुसते आकडे बघितले होते, आणि चार दशांश असलेला आकडा बघितला की तो बरोबरच वाटतो. अक्षांशात चौथा दशांश म्हणजे साधारण 11 मीटर होतात. पिनकोडला 11 मीटरचं काही माहीतच नसतं.

पिनकोड 1972 मध्ये आला तो टपाल वाटायच्या सोयीसाठी. पहिले तीन आकडे टपालाची छाननी कुठे होते ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस. जिल्ह्याशी त्याचं नातं सैल आहे. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात पण पिन 424101, म्हणजे धुळ्याच्या 424 मध्ये, आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात पण पिन 425405. त्यामुळे '425 म्हणजे जळगाव' असं धरून चूक पकडायला गेलात तर बरोबर ओळीच उडवून टाकाल.

आणि एका पिनखाली एक ऑफिस नसतं, मुख्य ऑफिस आणि त्याच्या हाताखालच्या गावोगावच्या शाखा असतात. मग त्या पिनचा 'एक' ठिपका येतो कुठून? बहुतेक वेळा सगळ्यांची सरासरी काढून. पायथॉनमधलं `pgeocode` जिओनेम्सची फाईल वापरतं आणि `query_postal_code` एका पिनखालच्या सगळ्या जागांचे अक्षांश-रेखांश सरासरी करूनच देतं. आमच्या शीटमध्येही तेच केलेलं होतं, फक्त शाखांचे आकडे कोणीतरी हाताने भरलेले.

काय झालं होतं ते समजावं म्हणून पाच शाखांचं उदाहरण देतो, आकडे नमुन्याचे आणि गोल केलेले आहेत. अक्षांश धरा 21.25, 21.28, 21.22, 21.34 आणि पाचवा असायला हवा 21.31, पण टाईप झाला 20.31. एकच आकडा चुकला, एक अंश. बरोबर सरासरी 21.28 आली असती, चुकीची आली 21.08. एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, ते पाचात वाटलं की 22, म्हणजे अख्ख्या पिनचा ठिपका 22 किलोमीटर खाली घसरून धरणगावच्या बाजूला गेला. धरणगावचा अक्षांश साधारण 21.01, मग चोपड्यापेक्षा तेच जवळ निघणार ना.

इथे सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचला. त्याच चुकलेल्या यादीचा मध्यक 21.25 येतो, बरोबर यादीचा 21.28. घसरण 22 वरून तीन-साडेतीन किलोमीटरवर आली. चूक आहेच, पण नदी ओलांडत नाही.

त्यानंतर प्रत्येक शाखा त्या मध्यापासून किती लांब आहे ते काढा. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश साधारण 104 किलोमीटर भरतो, एवढ्या कामाला साधं गणित पुरतं:

```python
c = df.groupby("pin")[["lat", "lon"]].median()
df = df.join(c, on="pin", rsuffix="_c")
dy = (df["lat"] - df["lat_c"]) * 111
dx = (df["lon"] - df["lon_c"]) * 104
df["km"] = (dx**2 + dy**2) ** 0.5
```

`km` मोठ्यापासून लहानाकडे लावा, चुकलेल्या ओळी लगेच वर येतात. आमची ती शाखा मध्यापासून शंभरच्या वर किलोमीटर दाखवत होती, एका पिनखाली असं होऊच शकत नाही. ती दुरुस्त केल्यावर वरच्या उदाहरणात सगळ्यात लांबची शाखा साडेआठ किलोमीटरच्या आत येते. पण शेतकरी काही पोस्टाच्या दारात राहत नाही, शाखेच्या पुढची वस्ती, मळे असतातच, म्हणून मी अजून दोन-अडीच किलोमीटर धरतो. म्हणजे हा ठिपका 11 किलोमीटर त्रिज्येचा आहे असं समजायचं आणि तो 11 वेगळ्या कॉलममध्ये ठिपक्याच्या शेजारीच ठेवायचा, नाहीतर पुढचा माणूस परत चार दशांशच बघणार.

एका गोष्टीत नवीन मुलं हमखास फसतात, मीही फसलो. काही पिनांची त्रिज्या शून्य आली, मला वाटलं हे तर एकदम अचूक आहेत. नीट बघितलं तर पाच-सहा गावांना सारखाच अक्षांश-रेखांश चिकटवलेला, बहुतेक तालुक्याच्या गावाचा. शून्य म्हणजे इथे अचूकता नव्हे, इथे माहितीच नाही. म्हणून प्रत्येक पिनला वेगवेगळे ठिपके किती आहेत तेही मोजा, नावं सहा आणि ठिपका एक असेल तर ती त्रिज्या खोडून टाका. जिओनेम्सच्या फाईलमध्ये शेवटचा कॉलम `accuracy` असतो, तिथे 1 म्हणजे अंदाजाने टाकलेलं, तोही बघत जा.

आता गोडाऊन कसं ठरवायचं. शेतकरी ठिपक्यापासून 11 किलोमीटर कुठल्याही दिशेला असू शकतो, म्हणजे एका गोडाऊनचं अंतर 11 ने वाढेल आणि त्याच वेळी दुसऱ्याचं 11 ने कमी होईल. म्हणून दोन अंतरांतला फरक 22 पेक्षा जास्त असेल तरच पिनवरून निकाल लावायचा. दुरुस्त केलेल्या ठिपक्यापासून चोपडा तीनेक किलोमीटर, धरणगाव 30, फरक 27, लावा चोपडा. फरक सहा-सात आला तर पिन काही सांगू शकत नाही, तिथे मी 'गाव विचारा' असं लिहितो आणि फोन करतो. पहिल्यांदा अशा ओळी खूप निघाल्या तेव्हा साहेब वैतागले होते, पण एका फोनचा खर्च आणि भरलेली गाडी परत फिरवायचा खर्च शेजारी शेजारी मांडून दाखवला तेव्हा मान्य झाले.

हे सगळं सरळ रेषेचं अंतर आहे हेही ध्यानात ठेवा. तापीकाठच्या गावाला पूल कुठे आहे त्यावर रस्ता ठरतो, आणि धडगावकडे, 425414 ला, सातपुड्याचे घाट आहेत, तिथे नकाशावरचे दहा किलोमीटर गाडीला किती पडतील ते ठिपक्यावरून कळत नाही. धडगावच्या ओळी मी पिनवरून लावतच नाही, सगळ्या गाव विचारूनच.