फोटोतलं गणित सोडवायला घेण्याआधी

संध्याकाळी सातनंतर माझ्या शिकवणीतल्या मुलांचे फोटो यायला लागतात. वर्कशीट मांडीवर, ट्यूबलाइट डोक्यामागे, त्यामुळे मोबाइलची आणि हाताची सावली नेमकी कागदाच्या मधोमध. अशा फोटोवर पेन टेकवण्याआधी काय बघायचं, ते मी ठरवून टाकलंय.

पहिल्यांदा कागदाचे चारही कोपरे फोटोत आहेत का ते बघायचं. मुलं अडलेलं गणित मधोमध धरतात आणि वरची सूचना कापली जाते. दहावीच्या वर्गसमीकरणांत हे फार महागात पडतं. खाली तीच समीकरणं असतात, पण सूचना ‘सोडवा’ आहे, ‘मुळांचे स्वरूप ठरवा’ आहे की ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ आहे, यावर सगळं उत्तर बदलतं. सूचना दिसत नसेल तर पुढे जायचंच नाही, आधी ती मागवायची.

मग चिन्हं. सावलीत आकडा सहसा टिकतो, उणे चिन्ह टिकत नाही. ती एक बारीक आडवी रेघ, कागदाच्या घडीवर आली की घडीतच मिसळते. अधिकची उभी रेघ पुसट झाली तर अधिकचं उणे दिसतं. फोटो मोठा करून, स्क्रीनचा उजेड वाढवून प्रत्येक पदाआधीचं चिन्ह वेगळं बघायचं. घातांकाचा छोटा 2 आणि दशांश चिन्हाचा ठिपकाही याच वेळी शोधायचा. लहान वर्गांच्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९ सगळ्यात जास्त फसवतात.

गेल्या आठवड्यातलंच सांगते. फोटोत मला x² − 5x + 8 = 0 दिसत होतं, सूचना ‘अवयव पद्धतीने सोडवा’. विवेचक काढला: 25 − 32, म्हणजे −7. वास्तव मुळंच नाहीत, मग अवयव कुठून पडणार? वाचण्यात चूक आहे हे इथे कळलं. 8 च्या जागी 6 धरला की मुळं 2 आणि 3, अगदी सुबक. मोह होतो की हेच असणार. पण शेवटचं चिन्ह सावलीच्या काठावर होतं, आणि x² − 5x − 6 = 0 घेतलं तरी मुळं 6 आणि −1 येतात, तीही तितकीच सुबक. तेव्हा ताळा जमला नाही तर वाचन चुकलंय, इतकंच कळतं. ताळा जमला म्हणून वाचन बरोबर आहे, असं धरता येत नाही. मुलीला विचारल्यावर कळलं की कागदावर उणे सहा होतं.

विचारायचं कसं, यालाही महत्त्व आहे. ‘ते अधिक सहाच आहे ना?’ असं विचारलं की मूल ‘हो मॅडम’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा, ‘तिसऱ्या गणितातलं शेवटचं पद कागदावर बघून चिन्हासकट मोठ्याने वाच आणि व्हॉइस मेसेज पाठव,’ असं सांगायचं. वाचताना मूल स्वतः चिन्हाकडे बघतं. छापलेलं काय आणि त्याने पेन्सिलने गिरवलेलं काय, तेही त्याच वेळी विचारून घ्यावं, कारण छापील उण्यावर पेन्सिलची उभी रेघ मारलेली मी पाहिली आहे.

तिरक्या फोटोत भूमितीची आकृती असेल तर डोळ्यांवर अजिबात विसंबू नये. कॅमेरा कलला की जवळची बाजू मोठी दिसते, आयताचा समलंब चौकोन होतो, काटकोन 80 अंशांचा वाटतो. कोनात काटकोनाची खूण आहे का, कोणत्या बाजूंवर सारख्या रेघा आहेत, कोणतं अक्षर कोणत्या शिरोबिंदूचं, एवढंच खात्रीने वाचता आलं पाहिजे. तक्ता असेल तर ओळीवर पट्टी धरून वाचावा, नाहीतर वरच्या ओळीचा आकडा खालच्या ओळीत जातो.

दोन-तीन जागा शंकेच्या असतील तर विचारून भागतं. त्याहून जास्त असतील तर नवीन फोटोच मागवलेला बरा, आणि तो कसा काढायचा हेही सांगावं: लेन्स सुती कापडाने पुसायची, कागद जमिनीवर सपाट ठेवायचा, दिवा बाजूने येईल असं बसायचं, मोबाइल कागदाला समांतर धरायचा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बारीक अक्षरं दबत नाहीत.

एवढं झाल्यावर मी उत्तराच्या पहिल्या ओळीत, मला जसं कळलं तसं गणित पूर्ण लिहून काढते आणि मुलाला सांगते, ‘आधी ही ओळ कागदाशी ताडून बघ, मगच खाली वाच.’