वाय-फाय अडखळतंय? या चुका टाळा, आधी हार्ड डिस्कची वायर काढून बघा

लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडली की वायरलेस माऊस अडकत अडकत चालतो, ब्लूटूथ इअरफोन खरखरतो आणि वाय-फाय रांगायला लागतं. डिस्क काढली की सगळं सुरळीत. हा योगायोग नाही. यूएसबी थ्रीच्या तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट्स धावतात, आणि त्यातून निघणारा रेडिओ गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरही पसरतो, जिथे वायरलेस माऊस, ब्लूटूथ आणि बरंचसं वाय-फाय चालतं. इंटेलने २०१२ साली यावर एक टिपण काढलं होतं. जोडलेल्या डिस्कजवळ हा गोंगाट २० डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभर पटीपर्यंत वाढू शकतो, असं त्यांच्या मोजणीत दिसलं.

चॅनेल बदलत बसणं

बहुतेक जण पहिल्यांदा हेच करतात. शेजाऱ्याचं वाय-फाय आड येत असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळं चॅनेल निवडून खरंच फरक पडतो. यूएसबीचा गोंगाट मात्र एका चॅनेलपुरता नसतो, तो अख्ख्या पट्ट्यावर पसरलेला असतो. त्यामुळे कुठेही गेलात तरी तो आहेच. मोबाइलवरच्या वाय-फाय ॲनालायझरमध्येही तो सापडत नाही, कारण ती ॲप्स फक्त वाय-फायची नेटवर्कं मोजतात.

सिग्नलच्या दांड्यांवर विश्वास ठेवणं

दांड्या राउटरचा आवाज किती मोठा येतोय एवढंच सांगतात. आजूबाजूला कलकलाट किती आहे ते त्या सांगत नाहीत. म्हणून दांड्या भरलेल्या असूनही डेटाची पाकिटं गळत राहतात. खरी परिस्थिती पाहायची तर इंटरनेटचा वेग मोजू नका, कारण त्यात बाहेरच्या लाइनचा दोषही मिसळतो. थेट राउटरला पिंग करा, म्हणजे त्याला छोटे संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला):

```
ping -t 192.168.1.1
```

डिस्क जोडलेली असताना दोन मिनिटं चालू द्या, `Ctrl+C` दाबून थांबवा आणि आकडे पाहा. मग डिस्क नीट इजेक्ट करून वायर काढा आणि पुन्हा चालवा. समजा पहिल्या वेळी उत्तरं ५ पासून ३०० मिलिसेकंदांपर्यंत उड्या मारत होती, मधूनच `Request timed out` येत होतं, आणि वायर काढल्यावर सगळी उत्तरं ५च्या आसपास स्थिरावली. मग राउटर बदलायची गरज नाही, चोर सापडला.

इथे एक चूक हमखास होते. लोक फक्त फाइल कॉपी करणं थांबवतात आणि फरक दिसला नाही की यूएसबीला निर्दोष सोडतात. पण डेटा जात नसला तरी जोडणी जागी असेल तर तारेवर संकेत चालूच राहतात. वायर काढल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही.

डोंगल शेजारच्याच पोर्टात खुपसणं

माऊसचा इवलासा रिसीव्हर डिस्कच्या शेजारी बसला की गोंगाटाच्या तोंडाशीच बसतो. तो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. नाही जमलं तर एखादी साधी यूएसबी टू एक्स्टेन्शन वायर घेऊन तो माऊसजवळ आणा, या रिसीव्हरला यूएसबी थ्रीची गरजच नसते. डिस्कही लॅपटॉपच्या पडद्यामागे किंवा बिजागरीजवळ ठेवू नका, कारण वाय-फायचे अँटेना बहुधा तिथेच कुठेतरी असतात. हातभर लांब सरकवली तरी पुष्कळदा काम भागतं. चांगल्या शिल्डिंगची वायरही उपयोगी पडते, पण गोंगाट कनेक्टरमधून आणि डिस्कच्या खोक्यातूनही निघतो, तेव्हा नुसत्या वायरीवर भिस्त नको.

डिस्क राउटरलाच जोडलेली असेल तर मामला जास्त वाईट, कारण तिथे घरातल्या सगळ्यांचंच वाय-फाय बाधतं. काही राउटरांच्या सेटिंगमध्ये तो पोर्ट यूएसबी टूवर उतरवता येतो. डिस्कचा वेग घटतो, पण मला हा सौदा परवडणारा वाटतो. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर नेणं हा सर्वांत सोपा उपाय, कारण तिथे हा गोंगाट बराच ओसरलेला असतो. माऊस आणि इअरफोनला मात्र ती वाट नाही.

ब्लूटूथ आणि कॉर्डलेस फोनवर आधी संशय घेणं

ब्लूटूथ एका जागी थांबत नाही. ते ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं, आणि २००३च्या १.२ आवृत्तीपासून वाय-फायने व्यापलेल्या वाहिन्या टाळायलाही शिकलं आहे. ते वाय-फायला थोडा त्रास देतं, पण नेट एकाएकी कोसळलं तर त्याला पहिला आरोपी करू नका. कॉर्डलेस फोनच्या तळाचं लेबल मात्र वाचा. डेक्ट लिहिलं असेल तर तो १.९ गिगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतो, त्याचा इथे संबंध नाही. जुन्या फोनवर २.४ गिगाहर्ट्‌झ लिहिलेलं असलं तर त्याच्या बेसचा प्लग काढा आणि वरचीच पिंग चाचणी पुन्हा करा, एकदा फोनवर बोलत असताना आणि एकदा प्लग काढून.