टेबल रीड: संवाद कुठे अडतो ते कानाने कसं पकडायचं

संहिता हातात आली की नटमंडळी एका टेबलाभोवती बसून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात. पण या वाचनाची नीट तयारी नसेल, तर चांगले नट वाईट संवाद सहज तारून नेतात आणि लेखकाला वाटतं, सगळं छान जमलंय. म्हणून तयारी करायची ती संवादातले दोष झाकले जाणार नाहीत अशी.

वाचनाआधी

संहिता तीन-चार दिवस आधी पाठवा. प्रत्येकाकडे तीच प्रत आणि तेच पानांक असायला हवेत, नाहीतर नंतर “कुठलं पान?” यातच अर्धा तास जातो. नटांना सांगा की एकदा वाचून या, पाठ करू नका. पात्र कोण आहे आणि त्याला काय हवंय, एवढं त्यांना दोन ओळींत कळलं तरी पुरे. वाक्य कसं म्हणायचं ते मात्र सांगू नका. तुम्ही म्हणून दाखवलंत तर ते तुमचीच चाल उचलतील आणि कागदावरचं वाक्य स्वतःच्या बळावर उभं राहतं का, हे कळणारच नाही.

छोट्या भूमिका एकाच नटाला द्यायला हरकत नाही, फक्त एकमेकांशी बोलणारी दोन पात्रं एकाकडे जाऊ देऊ नका. रंगसूचना वाचायला वेगळा माणूस ठेवा आणि लांबलचक सूचना आधीच छाटून त्याच्या हाती द्या. लेखकाने आणि दिग्दर्शकाने स्वतः काहीही वाचू नये. वाचणारा माणूस ऐकत नसतो.

सुरू करण्यापूर्वी एक नियम स्पष्ट सांगा: लिहिलंय तसंच वाचायचं. अनुभवी नट अडखळणारं वाक्य नकळत सुधारून म्हणतात. ती सुधारणा बहुधा चांगली असते, पण ती प्रतीवर नोंदली गेली तरच उपयोगाची.

वाचन चालू असताना

मध्ये थांबवू नका. समासात तीनच खुणा करा: जीभ अडखळली तिथे रेघ, लक्ष उडालं तिथे गोल, हशा किंवा शांतता आली तिथे फुली. प्रत्येक दृश्याची वेळ लिहून ठेवा आणि सगळ्यांना विचारून रेकॉर्डिंगही करा. मान खाली घालून लिहीत बसू नका, माणसांकडे बघा. पुढचं पान आधीच उलटल्याचा आवाज आला, तर तो कुठल्याही अभिप्रायापेक्षा खरा.

खुणांचा अर्थ

एक उदाहरण घेऊ. बंद पडलेल्या घरात बहीण-भाऊ भेटतात. चार पानांच्या दृश्याला सहा मिनिटं लागली. पहिल्याच पानावर बहीण म्हणते, “तुला माहीतच आहे, बाबा जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून हे घर बंद आहे.” इथे रेघ. दुसऱ्या पानावर गोल. घर विकण्यासाठी आगाऊ पैसे घेतल्याचं सांगणारं भावाचं “मी इसार घेतलाय” शेवटच्या पानावर येतं आणि तिथे फुली.

चूक नटाची की वाक्याची, हे ठरवायला तेवढाच तुकडा दुसऱ्या नटाला वाचायला द्या. तोही तिथेच अडला, तर दोष वाक्याचा. इथे कारण सरळ आहे: दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट ती केवळ प्रेक्षकांसाठी सांगतेय, म्हणून नटीला म्हणण्याचं कारणच सापडत नाही. त्याऐवजी “किल्ली फिरत नाहीये. तीन वर्षांत एकदा तरी यायचंस रे” असं लिहिलं, की माहिती पोचते आणि टोमणाही बसतो. बाबांचा उल्लेख पुढे भांडणात आपसूक येईल.

गतीचं दुखणं वेगळं. दुसऱ्या पानावरचे संवाद वाईट नाहीत, पण तोवर काही पणालाच लागलेलं नाही. ते कापण्याआधी इसाराचं वाक्य उचलून दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला ठेवून बघा. आधी रेंगाळणाऱ्या त्याच आठवणी आता बहीण भावाला रोखायची हत्यारं म्हणून वापरू शकते. जी वापरता येणार नाहीत, ती वाक्यं काढून टाका. बदललेलं दृश्य त्याच दिवशी पुन्हा वाचून घ्या.

घड्याळावर मात्र आंधळा विश्वास नको. पटकथेत साधारण एक पान म्हणजे एक मिनिट धरतात, पण तो अंदाज पूर्ण संहितेला लागू पडतो, एकेका दृश्याला नाही. हाणामारी किंवा मूक प्रसंग टेबलावर कंटाळवाणे वाटतातच. त्यांच्या गतीचा निवाडा इथे करू नका. ओळखीच्या मंडळींचा हशाही थोडा वजा करून धरा.

वाचनानंतर

दहा मिनिटांची सुट्टी द्या, मग विचारा. “कसं वाटलं?” या प्रश्नाला “मस्त” एवढंच उत्तर मिळतं. नटांना विचारा: कुठलं वाक्य म्हणताना खोटं वाटलं? ऐकणाऱ्यांना विचारा: पुढे काय होणार हे कुठे आधीच कळलं, आणि कुठे गोंधळ उडाला? उपाय सुचवले गेले तर लिहून घ्या, पण त्यावर वाद घालू नका आणि संहितेची बाजूही मांडू नका. दोन-तीन जणांनी एकच जागा दाखवली आणि तुमच्या प्रतीवरही तिथे खूण असेल, तर दुरुस्ती तिथून सुरू करा.