या चुका टाळा: कुठल्या सिरीजचे फॉलोअर टिकले हे मोजताना होणारा घोळ

सदाशिव पेठेतल्या एक ताई मोडी लिपीचे क्लास घेतात, त्यांचं इन्स्टाग्राम पेज मी बघतो. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, गणपती ते दिवाळी आम्ही तीन सिरीज शेड्युल करून टाकल्या आणि पाडव्याला हिशोब करायला बसलो, तर तीन वेळा हिशोब केला आणि तिन्ही वेळा निकाल वेगळाच आला. आकडे तेच होते, मोजायची पद्धत चुकत होती. कुठे चुकत होती ते सांगतो, कारण बऱ्याच जणांचं तिथेच चुकतं.

आधी सिरीज काय होत्या ते. पहिली 'मानाचे पाच', कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा ही नावं मोडीत लिहून दाखवणारे पाच रील, २७ ते ३१ ऑगस्ट. दुसरी 'रोज एक अक्षर', २१ दिवस, १५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर. तिसरी दिवाळीची गिव्हअवे, बोरू आणि शाईच्या दौतीचा सेट, १३ ते १७ ऑक्टोबर, निकाल पाडव्याच्या संध्याकाळी.

पहिली चूक म्हणजे एकूण फॉलोअरचा ग्राफ बघून निकाल लावणं. तो ग्राफ आलेले वजा गेलेले एवढंच सांगतो, आणि ऑक्टोबरात गेलेला माणूस ऑगस्टमध्ये आलेला होता का त्याच आठवड्यात आलेला होता हे त्यात कुठेच नसतं. त्यामुळे होतं काय, की गणपतीत आलेले लोक 'रोज एक अक्षर' चालू असताना सोडून गेले की खड्डा बिचाऱ्या अक्षरांच्या खात्यावर पडतो. ताई तर म्हणाल्याच, "अहो ती अक्षरं बंद करा, लोक कंटाळून पळतायत." पळत होते ते दुसरेच.

म्हणून प्रत्येक सिरीजमुळे आलेल्यांची वेगळी तुकडी धरायची, यालाच कोहोर्ट म्हणतात, आणि त्या तुकडीतले किती उरले एवढंच बघायचं. यासाठी लागणारा डेटा इन्स्टाग्राम स्वतःच देतं पण लोकांना माहीत नसतं. अकाउंट्स सेंटरमधून आपली माहिती एक्सपोर्ट केली की `followers_1.json` नावाची फाइल येते आणि तिच्यात प्रत्येक फॉलोअरच्या नावाशेजारी `timestamp` असतो, म्हणजे त्याने नेमकं कधी फॉलो केलं ते. एक्सपोर्ट करताना फक्त फॉलोअर आणि फॉलोइंगच निवडा, दुसऱ्याच्या पेजचे मेसेज आपल्या लॅपटॉपवर कशाला हवेत. कालावधी `All time` आणि फॉरमॅट JSON ठेवा, नाहीतर अर्धवट यादी येते आणि दोन तास डोकं खाजवत बसता (मी बसलोय). फाइल एक्सेलमध्ये `Get Data` मधून उघडते. पेज मोठं असेल तर `followers_2.json` वगैरे पण असतात, त्या विसरू नका.

`timestamp` हा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा असतो आणि तो जागतिक वेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आमचा पहिला रील चतुर्थीच्या पहाटे ५ ला शेड्युल होता आणि त्यावरून लगेच आलेले लोक शीटमध्ये २६ ऑगस्टला दिसत होते, सिरीज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी! तर वेळ अशी बदलून घ्या:

```
=A2/86400 + DATE(1970,1,1) + TIME(5,30,0)
```

तुकडीची खिडकी आम्ही धरली पहिल्या पोस्टच्या दिवसापासून शेवटच्या पोस्टनंतर तीन दिवस. रील उशिरा पण फिरतात त्यामुळे तीन दिवस हे काही शास्त्र नाही, पण तिन्ही सिरीजना सारखंच लावायचं. आणि हो, खिडकी कॅलेंडरमधल्या प्लॅनवरून ठरवू नका, पोस्ट खरंच कधी पडली त्यावरून ठरवा. शेड्युल केलेली पोस्ट कधीकधी अडकते, दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात येतं आणि मग ती हाताने टाकली जाते, पण प्लॅनच्या शीटमध्ये मात्र जुनीच तारीख मिरवत असते.

आता सगळ्यात मोठी चूक, एकच एक्सपोर्ट काढून खूश होणं. २२ ऑक्टोबरला पाडव्याच्या सकाळी मी यादी काढली, त्यात गणपतीच्या खिडकीतले ६२०, अक्षरांचे ३०० आणि गिव्हअवेचे ४१० लोक दिसले. पण यादीत फक्त आज असलेले लोक असतात, जे येऊन गेले ते त्यात नसतातच, म्हणजे वर्गात जाऊन 'कोण कोण गैरहजर आहे, हात वर करा' म्हणण्यासारखं झालं. टिकले किती हे कळायला मुळात आले किती ते लागतं, आणि तो आकडा इन्साइट्समध्ये रोजच्या 'फॉलोज' म्हणून मिळतो. तिथे मागचे ९० दिवसच बघता येतात, म्हणून सिरीज संपली की तो आकडा लगेच लिहून ठेवा. आमचे निघाले असे: गणपतीत ९१०, अक्षरांना ३४०, गिव्हअवेला ४८०.

मग मी भागाकार केला, गिव्हअवे ८५ टक्के, अक्षरं ८८, गणपती ६८. वा, म्हणजे गिव्हअवे जवळजवळ अक्षरांइतकीच चांगली आणि गणपती फेल! ताईंनी लगेच पुढच्या गिव्हअवेसाठी बोरूची ऑर्डर द्यायला घेतली.

इथे तिसरी चूक झाली, वय वेगळं असलेल्या तुकड्यांची तुलना. गणपतीची खिडकी बंद होऊन ४९ दिवस झाले होते, गिव्हअवेची बंद होऊन फक्त दोन. आणि त्यात निकाल संध्याकाळी होता, म्हणजे सकाळी तर सगळे बक्षिसाची वाट बघत थांबलेले, जेवणाआधी पंगतीतून कोण उठतं? खरी मोजणी प्रत्येक तुकडीची खिडकी बंद झाल्यावर ३० व्या दिवशी करायची. अक्षरांची ती तारीख आली ७ नोव्हेंबर आणि गिव्हअवेची १९ नोव्हेंबर, दोन्ही दिवशी नवीन एक्सपोर्ट काढला. अक्षरांचे ३४० पैकी २८६ होते, गिव्हअवेचे ४८० पैकी २०५. गणपतीचा ३० वा दिवस ३ ऑक्टोबरला होता आणि तेव्हा कोणी एक्सपोर्ट काढलाच नव्हता, ती संधी गेली ती गेली. पण ४९ व्या दिवशी ६२० असतील तर ३० व्या दिवशी त्याहून कमी नसणार, एवढं धरून चालता येतं.

जुनी आणि नवी यादी ताडून बघताना नुसतं नाव जुळवू नका. लोक युजरनेम बदलतात, मग तो माणूस गेला असं दिसतं आणि बसलेला असतो तिथेच. त्याचा `timestamp` मात्र तोच राहतो. आणि उलट कोणी अनफॉलो करून परत आला की नाव तेच पण `timestamp` नवा, म्हणजे एकट्या नव्या यादीत तो पुढच्या सिरीजच्या खात्यात जाऊन बसतो. आम्ही नवी यादी `Nov` नावाच्या शीटमध्ये टाकली, दोन्ही याद्यांत ए कॉलमला `timestamp`, बी कॉलमला नाव ठेवलं आणि दोन्हीपैकी एक जरी जुळलं तरी 'आहे' असं धरलं, तुकडी मात्र जुन्या यादीतलीच ठेवली:

```
=OR(COUNTIF(Nov!A:A,A2)>0, COUNTIF(Nov!B:B,B2)>0)
```

एखाद्या दिवशी तिन्ही तुकड्यांमधून एकदम लोक कमी झालेले दिसले तर सिरीजला दोष देऊ नका, प्लॅटफॉर्म अधूनमधून खोटी अकाउंट झाडून काढतं तेव्हा तसं होतं. एकच तुकडी गळत असेल तर मग ती त्या सिरीजची गोष्ट. आमची गिव्हअवे पाडव्यानंतरच्या तीन-चार दिवसांत एकटीच गळली, बाकीच्या दोघी शांत.

चौथी चूक बारीक आहे पण निकाल फिरवते. काहीही न करता पण लोक येतच असतात, कोणी क्लासमधला विद्यार्थी सांगतो, कोणी शोधून येतं. १ ते २० ऑगस्ट आमचं काहीच चालू नव्हतं, तेव्हा ८० जण आले होते, म्हणजे दिवसाला ४, आणि त्यातले ७२ जण टिकले, ९० टक्के. अक्षरांची खिडकी २४ दिवसांची, म्हणजे ३४० पैकी ९६ जण अक्षरं नसती तरी आलेच असते. बाकी दोन खिडक्या ८ दिवसांच्या, तिथे ३२ च वजा होतात. लांबलचक सिरीज या फुकटच्या लोकांवर गब्बर दिसते, म्हणून आलेल्यातून ते सगळे आणि टिकलेल्यातून त्यांचे ९० टक्के, असे दोन्हीकडून काढायचे. काढल्यावर उरलं असं: गणपती ८७८ आले ५९१ टिकले, अक्षरं २४४ आले २०० टिकले, गिव्हअवे ४४८ आले १७६ टिकले.

एकाच आठवड्यात दोन सिरीज चालू असतील तर मात्र हे गणित चालत नाही, कोणाचा फॉलोअर कोणाचा हे तारखेवरून कळणारच नाही. तिथे प्रत्येक पोस्टच्या इन्साइट्समधल्या फॉलोजवरून अंदाज लावायचा, पण तो अंदाजच. मी तर आता दोन सिरीजमध्ये मुद्दाम आठवडाभर रिकामा ठेवतो.

आणि शेवटची चूक मी स्वतः केली, टक्क्यांवर भाळलो. अक्षरं ८२ टक्के, गणपती ६७, म्हणून मी छाती ठोकून सांगितलं की ताई अक्षरंच चालू ठेवा. ताई शांतपणे म्हणाल्या, "पण ५९१ जास्त की २०० जास्त?" बरोबरच होतं. टिकणारे लोक सगळ्यात जास्त गणपतीनेच दिले, आणि ते पण पाच रीलमध्ये, अक्षरांना २१ पोस्ट लागल्या. टक्का सांगतो की आलेला माणूस किती योग्य होता, आकडा सांगतो की पेजला काय मिळालं, दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे. फक्त गणपतीचा जोर सणाचा होता, तो मार्चमध्ये मिळणार नाही, आणि अक्षरं कधीही चालतात. गिव्हअवे दोन्हीत शेवटची आली, बोरूची ऑर्डर रद्द झाली.

हे टिकलेले लोक क्लासला येतात का हा प्रश्न वेगळाच, त्यासाठी ताईंनी ॲडमिशनच्या फॉर्मवर 'पेज पहिल्यांदा कशामुळे बघितलं' अशी एक ओळ टाकली आहे.

२०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. रील १४ ते १८, खिडकी २१ ला बंद. एक्सपोर्टच्या तारखा मी आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकल्यात: १३ सप्टेंबर, २२ सप्टेंबर आणि २१ ऑक्टोबर.