मुक्त परवान्याचा व्हिडिओ आपल्या एडिटमध्ये कसा वापरावा

समजा, अ‍ॅनिमेशनवरच्या तुमच्या मराठी व्हिडिओत ब्लेंडर फाउंडेशनच्या २००८ सालच्या ‘बिग बक बनी’ या लघुपटातला १२ सेकंदांचा तुकडा हवा आहे. हा लघुपट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे CC च्या, BY 3.0 या परवान्याखाली आहे; BY म्हणजे श्रेय देण्याची अट. तो कापा, त्यावर निवेदन चढवा, जाहिरातींतून पैसे मिळवा. कुणाला विचारायची गरज नाही. श्रेय मात्र नीट द्यावं लागतं.

आधी परवाना मूळ पानावर जाऊन वाचा. BY च्या पुढे ND असेल तर तो व्हिडिओ सोडून द्या, कारण बदललेली आवृत्ती प्रसिद्धच करता येत नाही. NC असेल तर कमाईच्या व्हिडिओत नको. SA असेल तर त्यापासून तयार झालेला तुमचा एडिटही त्याच किंवा सुसंगत परवान्याखाली खुला करावा लागतो. एखाद्या संस्थेसाठी काम करत असाल आणि तिला सगळे हक्क स्वतःकडे हवे असतील, तर SA च्या वाटेला जाऊ नका.

टाकणारा खरा मालक आहे का, हेही बघा. कोपऱ्यात वाहिनीचा लोगो किंवा मागे सिनेमातलं गाणं असेल, तर वर परवाना कुठलाही लिहिलेला असो, त्यावर विसंबू नका. दुसऱ्याची वस्तू खुली करण्याचा हक्क त्या माणसाला नाही.

आता श्रेय. ‘सौजन्य : इंटरनेट’ हे श्रेय नव्हे. कृतीचं नाव, निर्माता, मूळ दुवा, परवाना त्याच्या दुव्यासह आणि तुम्ही काय बदललंत, एवढं हवं. वरच्या तुकड्यासाठी ते असं होईल :

```
"Big Buck Bunny" © 2008, Blender Foundation
www.bigbuckbunny.org
परवाना: CC BY 3.0
creativecommons.org/licenses/by/3.0/
बदल: १२ सेकंदांचा भाग घेतला, मूळ आवाज काढून मराठी निवेदन जोडलं
```

हे वर्णनात टाकाच, पण व्हिडिओच्या शेवटच्या पाटीवरही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पुढे गेली की वर्णन मागेच राहतं. ही पाटी मोबाइलवर वाचून बघा. अक्षरं वाचून होण्याआधीच पाटी निघून गेली, तर श्रेय दिल्यासारखं होत नाही. निर्मात्याचा तुमच्या व्हिडिओला पाठिंबा आहे, असं मात्र सुचवू नका.

श्रेय राहून गेलं तर? परवान्याच्या 3.0 आवृत्तीत अट मोडली की परवाना आपोआप संपतो. त्यानंतरची 4.0 आवृत्ती थोडी उदार आहे : चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली, तर हक्क परत मिळतात.

पान उघडं आहे तोवर परवाना आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये टाका. मालकाने पुढे परवाना बदलला तरी तुम्ही आधी घेतलेली प्रत जुन्याच अटींवर चालते, फक्त तेव्हा अट काय होती ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.